ट्रिगर लेव्हल ओलांडली की नवी लेव्हल द्यायची, याला ऑब्झर्वेशनल मेथड म्हणायचं का?

अनिकेत_साइट
आमच्याकडे मऊ मातीत खोल उत्खनन चालू आहे. बाजूला काँक्रीटची डायफ्राम वॉल आणि ती आत झुकू नये म्हणून स्टीलचे आडवे स्ट्रट आहेत. भिंत किती सरकली ते मोजणाऱ्या इन्क्लिनोमीटरचं रीडिंग अंबर, म्हणजे सावध व्हायची लेव्हल, ओलांडून रेडच्या, म्हणजे काम थांबवायच्या लेव्हलच्या जवळ गेलं, तेव्हा सल्लागारांनी बॅक अ‍ॅनालिसिस करून, म्हणजे मॉडेल आलेल्या रीडिंगशी जुळवून, अंबर आणि रेड दोन्ही वर सरकवले. खोदाई तशीच चालू आहे. साहेब म्हणतात, ऑब्झर्वेशनल मेथड म्हणजे हेच. मला पटत नाहीये. तुमचं काय मत?

मुरूमवाला
साहेबांचं बरोबर आहे. चार बोअरहोलवरून माती कळत नाही. खोदायला लागल्यावर ती खरी कळते. मग रीडिंग येऊनही जुन्याच अंदाजाला चिकटून राहण्यात काय अर्थ आहे? लंडनच्या लाइमहाउस लिंक बोगद्याचं उदाहरण घ्या. भिंतींना मध्यावर स्ट्रट द्यायचे ठरले होते. मोजमापं अंदाजापेक्षा कमी येत गेली तसे ते टप्प्याटप्प्याने वगळले. स्टील वाचलं, वेळ वाचला, आणि 1993 मध्ये बोगदा सुरूही झाला. सगळं काही सर्वात वाईट माती धरून डिझाइन करायचं असेल तर मोजायचं तरी कशाला? संभाव्य माती धरायची, मोजत जायचं, डिझाइन बदलत जायचं. भूतंत्र अभियंते राल्फ पेक यांनी 1969 च्या रँकिन व्याख्यानात हेच मांडलं आहे.

विद्या_भूतंत्र
मुरूमवाला, लाइमहाउसबद्दल तुम्ही खरं सांगताय, पण त्यातून अर्थ उलटा काढताय. तिथे सुरुवात सुरक्षित बाजूने झाली होती. रीडिंग चांगली आली म्हणून डिझाइन सैल केलं. अनिकेतच्या साइटवर रीडिंग वाईट आली म्हणून मर्यादा सैल केली. दोन्हीकडे आकडे बदलले, पण एकीकडे जमिनीने परवानगी दिली होती आणि दुसरीकडे ती नाही म्हणत होती.

पेक यांच्या मांडणीतला जो भाग बहुतेक जण गाळतात तो असा: सर्वात वाईट शक्यतेत काय होईल याचा हिशोब काम सुरू व्हायच्या आधी करायचा आणि त्यासाठीचा उपायही आधीच ठरवायचा. डिझाइन काम चालू असताना बदलता येणार नसेल तर ही पद्धत वापरूच नका, असंही ते स्पष्ट सांगतात.

अनिकेत, तुम्ही लिहिलंय ते वाचून मला सिंगापूर आठवलं. 20 एप्रिल 2004, निकोल हायवे. मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी मरीन क्ले या मऊ समुद्री मातीत साधारण 33 मीटरचं उत्खनन व्हायचं होतं. स्ट्रटच्या नऊ ओळी बसल्या होत्या आणि दहाव्यासाठी खोदाई चालू होती. भिंतीची हालचाल मर्यादेबाहेर गेली, तेव्हा बॅक अ‍ॅनालिसिस झालं आणि मर्यादा वाढवली. पुन्हा ओलांडली, पुन्हा बॅक अ‍ॅनालिसिस झालं. शेवटी एका इन्क्लिनोमीटरवर 441 मिलिमीटर दिसत होते. त्या दिवशी सकाळी कामगारांना धडाधड आवाज ऐकू आले, नवव्या ओळीचे वेलर, म्हणजे स्ट्रट ज्यांवर टेकतात त्या भिंतीलगतच्या आडव्या तुळया, वाकलेले दिसले, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळं रस्त्यासकट खाली गेलं. चार जण गेले.

चौकशीत जे निघालं ते या धाग्याच्या मुळाशी आहे. मातीची ताकद मॉडेलमध्ये ज्या रीतीने घातली होती, तिने मऊ मातीची अल्पकाळाची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवली. रीडिंग वाईट आल्यावर त्याच मॉडेलचे आकडे हलवून ते रीडिंगशी जुळवले. मॉडेलच चुकलंय का, हा प्रश्न बाजूला पडला. आणि मुख्य कमजोरी होती स्ट्रट वेलरला मिळतो त्या जोडात. तो जोड कमी भारासाठी डिझाइन झाला होता. त्यात काही ठिकाणी मजबुतीच्या पट्ट्यांऐवजी सी-चॅनल लावले होते, आणि ते एका मर्यादेनंतर भार धरून ठेवत नाहीत, एकदम सोडतात. इन्क्लिनोमीटर भिंत किती सरकली ते सांगतो. जोडात किती दम उरलाय ते सांगत नाही.

शेजारची_सोसायटी
आमच्या इमारतीच्या बाजूलाच असं काम चालू आहे. जिन्याच्या भिंतीला तडे गेलेत, त्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून गेले आणि कुणीतरी येऊन फोटो काढतं. रीडिंग मागितलं की 'सगळं ग्रीन आहे' एवढंच उत्तर मिळतं. ही ऑब्झर्वेशनल मेथड असेल तर रहिवाशांना आकडे दाखवायला नकोत का?

विद्या_भूतंत्र
दाखवायला हवेत, पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या इथे बहुधा साधी देखरेख चालू आहे. रीडिंग काहीही आलं तरी डिझाइन बदलायचं आधी ठरलेलं नसेल, तर ती या धाग्यातली पद्धत नव्हे. तुम्ही फक्त 'ग्रीन' या शब्दावर थांबू नका. ग्रीनची वरची मर्यादा किती, ती कामाच्या सुरुवातीपासून तीच आहे का, आणि अंबर झालं तर साइटवर नेमकं काय करणार, हे तिन्ही लेखी मागा. तडा कधी पडला आणि त्या दिवशी खोदाई कुठे होती, याची तारीखवार नोंद तुमच्याकडेही ठेवा.

खाडीकाठ
मी भरावाची कामं करतो, खाडीच्या गाळावर. आमच्याकडे ही पद्धत रोजची आहे आणि ती चालते. ती का चालते ते एका हिशोबातून सांगतो.

समजा गाळाची ताकद चौरस मीटरला 1 टन आहे. अशी माती ढोबळमानाने त्याच्या पाचपट, म्हणजे साधारण 5.1 टन भार पेलते. भरावाची माती घनमीटरला 2 टन. दोन मीटर टाकली की 4 टन झाले, सुरक्षा गुणांक 1.3 च्या जवळपास. इथे थांबायचं. अडीच मीटर टाकले असते तर गुणांक जेमतेम 1 उरला असता, म्हणजे भराव खचून बाजूचा गाळ वर यायच्या बेतात असता.

आता बघायचा तो मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर. भार टाकल्याबरोबर तो सगळा भार पाणी घेतं, म्हणजे जादा दाब 4 टन दिसतो. उभ्या ड्रेनमधून पाणी निघत जातं तसा दाब उतरतो आणि माती घट्ट होते. ताजा गाळ असेल तर जेवढा भार मातीच्या कणांवर गेला, त्याच्या 0.22 पट ताकद वाढते असं धरतात. दाब 0.8 टनावर आला, म्हणजे 3.2 टन मातीवर गेले आणि ताकद 0.7 ने वाढली. आता 1.7 टन ताकदीवर 8.7 टन पेलतात. तोच गुणांक ठेवला तर भराव एकूण साधारण 3.3 मीटरपर्यंत नेता येतो. दाब अजून 2 टनांवरच अडकला असेल तर हाच हिशोब 2.8 मीटरवर थांबतो. ठेकेदार कितीही घाई करो, पुढच्या टप्प्याची उंची पिझोमीटर ठरवतो.

जोडीला सेटलमेंट प्लेट आणि पायथ्याजवळचा इन्क्लिनोमीटर. भराव खाली बसतोय आणि बाजूला फारसा सरकत नाही, तर ठीक. बाजूचं सरकणं खाली बसण्याच्या तुलनेत वाढायला लागलं तर माती दबत नाहीये, निसटतेय. मग टाकणं बंद, आणि तरीही थांबेना तर वरचे थर काढायचे. डंपर तिथेच असतात, एका पाळीत काढून होतात.

मुरूमवाला
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की! रीडिंग बघून निर्णय.

खाडीकाठ
नाही. माझ्याकडे भराव निसटायच्या आधी बहुतेक वेळा काही दिवस खुणा दिसतात, आणि भार उतरवायला एक पाळी लागते. हे गणित माझ्या बाजूने आहे म्हणून पद्धत चालते. स्ट्रटचा जोड सुटायला किती वेळ लागतो? निकोल हायवेला आवाज आल्यापासून कोसळेपर्यंत एक दिवसही मिळाला नाही, आणि त्यातला बराचसा वेळ वाकलेल्या वेलरना काँक्रीटचा आधार देण्यात गेला. तीस मीटर खोल खड्ड्यातून भार उतरवणार कसा? परत माती भरायची तर ती आणायची कुठून?

मुरूमवाला
मान्य, पण एक सांगा. प्रत्येक वेळी मर्यादा बदलणं हा गुन्हा आहे का? माझ्या अनुभवात पहिल्या ट्रिगर लेव्हल कित्येकदा कुठल्यातरी जुन्या कामाच्या कागदावरून उचललेल्या असतात, त्या मातीशी त्यांचा संबंधच नसतो. अशा आकड्यावर काम बंद ठेवलं तर रोजचं भाडं आणि दंड ठेकेदाराच्या बोकांडी बसतो. आपल्या निविदांमध्ये 'रीडिंग आलं तर हा जादा स्ट्रट, हा दर' अशी बाबच नसते. आधी जादा स्ट्रट लावा आणि मग मंजुरीसाठी महिनोन्महिने हेलपाटे घाला. कोण लावणार?

विद्या_भूतंत्र
दरांचा मुद्दा खरा आहे, आणि मला वाटतं ही पद्धत आपल्याकडे सगळ्यात जास्त तिथेच मोडते. जादा स्ट्रटचा दर निविदेत नसेल तर तो उपाय कागदावरच राहतो. भूतंत्र डिझाइनच्या युरोपीय संहितेत, युरोकोड 7 मध्येही, आकस्मिक उपायांची योजना आधीच हवी, आणि तो उपाय वेळेत करता येईल इतक्या कमी अंतराने रीडिंग हवीत, अशी अट आहे.

मर्यादा कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. बदलायची तर दोन गोष्टी दाखवा. नवीन मॉडेल एकट्या सर्वात मोठ्या आकड्याशी जुळून भागत नाही. भिंतीच्या वाकण्याचा पूर्ण आकार, स्ट्रटमधले भार आणि बाहेरच्या जमिनीचं खचणं, सगळ्यांशी एकाच वेळी जुळायला हवं. आणि त्या नव्या हालचालीला स्ट्रट, वेलर, जोड, भिंतीचं सळईकाम यांतलं प्रत्येक अंग पुन्हा तपासलेलं हवं. भिंत 200 मिलिमीटर सरकायला मोकळी केली, तर ती सरकताना जोडावर येणारा भारही वाढतो.

अनिकेत_साइट
दुसरी गोष्ट आमच्या अहवालात नाही. भिंतीचा मोमेंट तपासलाय, जोडांचा उल्लेखच नाही. मॉडेल फक्त एका इन्क्लिनोमीटरशी जुळवलंय. समोरच्या बाजूचा इन्क्लिनोमीटर बराच कमी दाखवतो, तो 'प्रातिनिधिक नाही' म्हणून सोडलाय.

विद्या_भूतंत्र
मग उद्याच लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या ओळीची खोदाई थांबवायची विनंतीही त्याच पत्रात करा. दोन बाजू वेगळ्या वागत असतील तर एका बाजूला माती वेगळी असेल किंवा भार एकांगी असेल. मधले स्ट्रट दोन्हीकडे टेकलेले असतात, त्यामुळे हे सोडून देता येत नाही. खाली उतरून सगळ्यात खालच्या दोन ओळींचे जोड स्वतः बघा. वेलरचा वेब सरळ आहे का, स्टिफनर ड्रॉइंगप्रमाणेच आहे की साइटवर बदललाय, वेल्डवरचा रंग कुठे सुटलाय का. फोटोवर तारीख टाका.

मुरूमवाला
पत्र द्या, पण काम थांबवायचा अधिकार त्याला नाही, हेही ध्यानात घ्या. तो ज्युनियर आहे. थांबवलं तर उद्या त्यालाच काढतील.

खाडीकाठ
मग अधिकार कोणाला आहे? रेड आल्यावर कोणी थांबवायचं त्याचं नाव आमच्या कामात पहिल्या पानावर असतं, आणि त्या माणसाला कोणाला विचारावं लागत नाही. अनिकेत, तुमच्या मॉनिटरिंग प्लॅनमध्ये तसं नाव आहे का ते आधी बघा.

अनिकेत_साइट
बघितलं. 'सर्व संबंधितांनी बैठक घेऊन निर्णय घ्यावा' असं लिहिलंय.