आयकर नोटिशीचं उत्तर: सोसायटी ग्रुप

कुलकर्णी, बी-304: सेक्रेटरी साहेब, व्याजाच्या वजावटीचा तपशील मागणारी 142(1) ची नोटीस येऊन आठवडा झाला. उत्तराचं काय? की मागच्या कमिटीसारखंच?

सेक्रेटरी: मसुदा देशपांडे मॅडमकडे आहे. मागची कमिटी मध्ये आणू नका.

पाटील काका, ए-102: सोसायटी नफ्यासाठी नाही. मग कर कसला? एवढं एकच वाक्य लिहा.

देशपांडे, सी-501: काका, ते मेंटेनन्सच्या वर्गणीला लागू होतं. बँकेच्या व्याजाला नाही. बँगलोर क्लबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच ते सांगितलंय. आपला दावा कलम 80P(2)(d) चा आहे, म्हणजे एका सहकारी संस्थेला दुसऱ्या सहकारी संस्थेतल्या ठेवींवर मिळणाऱ्या व्याजाच्या वजावटीचा. मसुदा असा:

1. आम्ही नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहोत. (नोंदणी प्रमाणपत्र, पॅन)

2. वजावट मागितलेले 3,40,000 रु. व्याज सहकारी बँकेतल्या ठेवींचं आहे. ही बँक स्वतः सहकारी संस्था आहे. 80P(4) ची मनाई बँकेच्या स्वतःच्या वजावटीला आहे, तिच्यात ठेव ठेवणाऱ्या संस्थेला नाही. (व्याजाचा दाखला, बँकेचं नोंदणी प्रमाणपत्र)

3. एआयएस या आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात या बँकेचं व्याज 3,56,000 दिसतं. जास्तीचे 16,000 आम्ही आदल्या वर्षीच येणे व्याज म्हणून उत्पन्नात धरले. बँकेने ते ठेवीची मुदत संपल्यावर दाखवले. (दोन्ही वर्षांचे ताळेबंद, आदल्या वर्षाचं रिटर्न)

4. राष्ट्रीयीकृत बँकेचं 72,000 रु. व्याज करपात्र दाखवलं आहे, त्यावर वजावट मागितलेली नाही. (गणनापत्रक)

5. रिटर्न मुदतीत भरलं. (पोचपावती)

शेख, ए-403: पाचवा मुद्दा कशाला? विचारलंय कुठे?

देशपांडे, सी-501: कलम 80AC. रिटर्न उशिरा भरलं की ही वजावटच जाते. त्यांनी विचारायच्या आत पोचपावती लावलेली बरी.

पाटील काका, ए-102: सोसायटी नफ्यासाठी नाही. मग कर कसला?

कदम, बी-101: काका, तुमच्या दुसऱ्या गाडीलाही हाच नियम लावा, पार्किंगचे पैसे वाचतील 😄

पाटील काका, ए-102: ती भाच्याची गाडी आहे. विषय बदलू नका.

कुलकर्णी, बी-304: बँकेचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का आपल्याकडे?

सेक्रेटरी: पासबुकाची झेरॉक्स आहे. ती चालेल ना?

देशपांडे, सी-501: नाही. अडतं ते इथेच. पासबुकावरून खातं कळतं, बँक सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे हे सिद्ध होत नाही. नुसतं बँक म्हणून पाहून वजावट नाकारतात. शाखेत लेखी अर्ज द्या, व्याजाचा दाखलाही तेव्हाच मागा. तो 1 एप्रिल ते 31 मार्चचाच हवा आणि ठेवनिहाय हवा, नाहीतर 16,000 कोणत्या पावतीचे ते दाखवता येणार नाही.

सेक्रेटरी: मुदतीत नाही मिळालं तर?

देशपांडे, सी-501: पोर्टलवर मुदतवाढ मागा, पण शेवटच्या तारखेच्या आधी. अर्धवट उत्तर पाठवू नका, सबमिट केल्यावर त्यात बदल करता येत नाही. पीडीएफला मुद्द्याचा क्रमांक द्या. "scan0012" बघून अधिकाऱ्याला काय कळणार?

कुलकर्णी, बी-304: उद्या शाखेत कोण जाणार? मी मागच्या वेळी गेलो होतो, आभार सोडा, रिक्षाचे पैसेही मिळाले नाहीत.

सेक्रेटरी: व्हाउचर दिलं असतंत तर मिळाले असते, कुलकर्णी साहेब. उद्या 11 वाजता खजिनदार जातील.

पाटील काका, ए-102: सोसायटी नफ्यासाठी नाही.