मदत हवी आहे: जाहिरातीतलं हे एक वाक्य कसं लिहू?

आमच्या टीमसाठी अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जाहिरात तपासतेय. मूळ मसुदा असा होता: "तरुण, धडाडीचा उमेदवार हवा, अनुभव ३ ते ५ वर्षं, कामाच्या वेळेबाबत कुठलंही बंधन नसावं." त्यातलं "तरुण" काढलं आणि "हवा"च्या जागी "अर्ज मागवत आहोत" केलं. "३ ते ५" चं "किमान ३ वर्षं" केलं, कारण वरची मर्यादा ठेवली की १५-२० वर्षं काम केलेला माणूस वाचूनच समजतो की आपल्याला बोलावणार नाहीत, आणि पगार पदानुसार ठरलेला असल्याने ती मर्यादा लागतही नाही. "धडाडीचा" ऐवजी थेट काम लिहिलं, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करणं.

अडलंय ते वेळेच्या वाक्यावर. महिनाअखेरीला दोन-तीन दिवस खरंच उशीर होतो, ते लपवायचं नाहीये, नाहीतर रुजू झाल्यावर फसवल्यासारखं वाटेल. पण "बंधन नसावं" वाचून घरी लहान मुलं किंवा आजारी माणसं असलेल्या बायका अर्जच करत नाहीत, रोज थांबावं लागेल असंच वाटतं ना. वर्क फ्रॉम होम देता येत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी उशिरा आलेलं चालतं, आणि हे साहेबांनी मान्यही केलंय.

मग दिवस आणि वेळ आकड्यात जाहिरातीतच लिहू की मुलाखतीत सांगू? लिहायचं तर नेमकं वाक्य सुचवाल का?