मदत हवी आहे: मामांच्या फोनवर बातमी दिसते, माझ्याकडे तीच लिंक उघडली की चपलांचं दुकान

खानापूरचा भाचा: मामांना फेसबुकवर एक बातमी आली. वर मोठ्या वृत्तपत्राचं नाव, खाली अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचा व्हिडिओ: २१ हजार गुंतवा, दर महिन्याला लाखात मिळवा. तीच लिंक मी लॅपटॉपवर उघडली तर चपलांचं दुकान दिसतं. मामा म्हणतात, तुलाच काही कळत नाही. हे खोटं आहे हे कसं दाखवू? लवकर सांगा.

निपाणीकर: पैसे भरलेत का? ते आधी सांगा.

शहापूरची अक्का: आमच्या भिशीचेही ४० हजार अडकलेत. भिशी चालवणाऱ्या बाईवर केस करता येते का?

टिळकवाडी_७१: व्हिडिओत डोळ्यांची उघडझाप बघा. नकली माणूस पापणी लववत नाही. सोपं आहे.

निपाणीकर: तो काळ गेला. शिवाय अशा व्हिडिओत बहुतेकदा माणूस खराच असतो. जुनं भाषण घेऊन फक्त आवाज आणि ओठ बदलतात, मग पापण्या खऱ्याच लवणार. त्यापेक्षा व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सवर टाका. मूळ भाषण सापडलं तर दोन्ही मामांसमोर लावा. तोच पडदा, तीच साडी, बोलणं मात्र वेगळं.

चपलांच्या दुकानाचं म्हणाल तर ती त्यांची युक्तीच आहे. जाहिरातीवरून मोबाईलवर आलेल्याला बातमी दाखवतात, बाकी कुणी तपासायला आलं की साधं दुकान. म्हणून मामांच्याच फोनवर बघा. त्या पानावरच्या 'क्रीडा', 'हवामान' वर बोट ठेवा. सगळीकडून नाव-नंबर भरायचा तोच फॉर्म उघडला तर ते वृत्तपत्र नव्हे. वर पत्त्याच्या पट्टीत काय लिहिलंय तेही वाचा.

टिळकवाडी_७१: सेबीचा नोंदणी क्रमांक मागा, विषय संपला.

निपाणीकर: दुसऱ्याचा खरा क्रमांक चिकटवतात की. सेबीच्या साइटवर त्या क्रमांकापुढे कुणाचं नाव आणि फोन आहे ते जुळवायला लागतं.

खानापूरचा भाचा: बोट ठेवलं. सगळीकडे फॉर्मच. मामा गप्प झालेत. परवा २१ हजार यूपीआयने पाठवलेत म्हणे. ॲपमध्ये ३४ हजार दिसतात. परत मिळाले १,२००, म्हणून खरं वाटतंय त्यांना.

निपाणीकर: हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं! ते १,२०० आमिष आहे, ३४ हजार हा नुसता आकडा. आत्ता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा. तक्रार cybercrime.gov.in वर पण होते. फोनमध्ये त्यांनी एनीडेस्क वगैरे, म्हणजे लांबून आपला फोन बघता-चालवता येतो असं ॲप, घालायला लावलं का?

शहापूरची अक्का: १९३० ला माझ्याशी कन्नडमध्ये बोलले. कन्नड येणारं कुणी शेजारी बसवा.

टिळकवाडी_७१: मराठीत बोलायला काय हरकत आहे? आपला हक्क आहे तो.

निपाणीकर: तो वाद नंतर घाला. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचेत, दोन दिवस आधीच गेलेत.

खानापूरचा भाचा: एनीडेस्क आहे. नेट बंद करून काढून टाकलं. दुसऱ्या फोनवरून १९३० लावतोय, व्यस्त लागतोय. आणि आत्ताच त्या लोकांचा मामांना फोन आला, ५ हजार 'कर' भरा म्हणजे ३४ हजार सुटतील. मामा विचारतायत, भरू का?

निपाणीकर: एक रुपयाही नको. नंबर लिहून घ्या, तक्रारीत लागेल. १९३० लावत राहा.