मदत हवी आहे: पाककृतीच्या शीर्षकात देवनागरी ठेवावी की रोमन?

नमस्कार. मी जळगावहून खान्देशी पाककृतींचे संकेतस्थळ चालवते. वांग्याच्या भरिताच्या पानाचे शीर्षक पूर्णपणे देवनागरीत आहे. गुगल सर्च कन्सोलच्या अहवालात शोधशब्दांना पुढील रेजेक्स गाळणी लावून मी देवनागरी शोध वेगळे काढले आणि ‘जुळत नाही’ हा पर्याय निवडून उरलेले पाहिले.

```
[अ-ह]
```

देवनागरीत ‘खान्देशी भरीत’साठी पान पहिल्या पाचांत दिसते आणि क्लिकही मिळतात. रोमनमध्ये मात्र vangyache bharit, wangyache bharit, bharit recipe अशी विखुरलेली रूपे आहेत. त्यांची इम्प्रेशन एकत्र केली तर देवनागरीपेक्षा जास्त भरतात, पण सरासरी स्थान विसाच्या पलीकडे आहे.

माझी अडचण अशी की, पान जिथे दिसले तेवढेच शोध अहवालात येतात, त्यामुळे आजच्या देवनागरी शीर्षकाचा कल आकड्यांतच मिसळलेला असणार. शिवाय फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल गोपनीयतेसाठी लपवते आणि रोमन स्पेलिंगे विखुरलेली असल्याने तीच अधिक लपत असावीत, असे मला वाटते.

शीर्षक ‘खान्देशी वांग्याचे भरीत | Vangyache Bharit’ असे करून पाहावे, असा विचार आहे. भरिताचे शोध हिवाळ्यात वाढत असल्याने तुलना मागील हिवाळ्याशीच करावी लागेल. अहवालात 16 महिन्यांची माहिती राहते, म्हणून ते शक्य आहे. अशा बदलानंतर देवनागरी शोधांतील स्थान घसरल्याचा अनुभव कोणाला आहे का? आणि अनेक स्पेलिंगांपैकी शीर्षकासाठी एक निवडताना आपण इम्प्रेशन पाहता की क्लिकचे प्रमाण?