मदत हवी आहे: पावसाच्या तक्त्यांना शीर्षक आणि वर्णन कसं द्यावं?

मुंबईच्या विभागनिहाय मासिक पावसाचे तक्ते आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले आहेत, पण विद्यार्थ्यांना ते सापडत नाहीत. आधी शीर्षक ‘जी/उत्तर अंतिम ३’ असं होतं. जी/उत्तर म्हणजे दादर, माहीम, धारावी, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? म्हणून ते बदलून ‘दादर, माहीम, धारावी (जी/उत्तर विभाग): मासिक पर्जन्यमान, मि.मी.’ असं केलं. वर्णनात कालावधी, मोजणीचं ठिकाण आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ लिहिला. रिकामा म्हणजे नोंद नाही, शून्य पाऊस नव्हे. हे न सांगितल्यामुळे एका विद्यार्थिनीची सरासरी चुकली होती.

तरी अडचण उरलीच. आमच्या साइटचा शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. मुलं ‘पाऊस’ टाइप करतात, वर्णनात ‘पावसाची’, ‘पावसाचे’ असतं, आणि शीर्षकात ‘पर्जन्यमान’. निकाल शून्य!

गूगल डेटासेट सर्चसाठी पानात हे घातलं आहे (तिथे वर्णन 50 ते 5000 अक्षरांत लागतं, ते बसतं):

```
"@type": "Dataset",
"name": "...",
"description": "...",
"alternateName": "..."
```

साइटचं शोधयंत्र बदलणं आमच्या हातात नाही, आणि फाइलींची नावं बदलली तर जुने दुवे तुटतील. इंग्रजीतून शोधणारे संशोधकही आहेत.

मग ‘पाऊस’ हा मूळ शब्द शीर्षकातच घ्यावा, की वर्णनाच्या पहिल्या वाक्यात? आणि इंग्रजी नाव `alternateName` मध्ये पुरेल, की इंग्रजी वर्णनाचं वेगळं पान करावं?