मदत हवी आहे: पिट्सबर्ग लॉकमध्ये काठ शिरत नाही

साकीनाक्याच्या गाळ्यासाठी ताज्या हवेचा डक्ट करतोय. माप ३०० बाय २०० मिमी, पत्रा २४ गेज जीआय. लॉक काढायचं मशीन नाही, हाताचा जुना ब्रेक आहे. एल आकाराचे दोन तुकडे करून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना लॉक द्यायचाय. खिशासाठी २५ मिमी सोडले (१० + १० आणि वर ठोकायला ५), समोरचा काठ १० मिमी काटकोनात वळवला. मधे काठ शिरतो, दोन्ही टोकांना अडकतो. जोर लावला की पत्रा लहरतो. काय करू?

कुर्ल्याचा बाळ्या: स्क्रूड्रायव्हरने खिसा उघडा आणि लाकडी हातोडीने हाणा. आम्ही असंच करतो.

पत्रेकाम_भांडुप: बाळ्या, उघडायचा हे बरोबर, पण स्क्रूड्रायव्हर जिथे घालाल तिथेच फुगतो आणि शेजारी आवळलेलाच राहतो. दादा, दोन गोष्टी बघा. खिसा १० मिमी खोल आणि काठही १० मिमी, मग वळणाच्या गोलाईला जागा कुठे? काठ ८ मिमी हवा, म्हणजे अडीच सूत. तयार तुकड्याचे २ मिमी कात्रीने उतरवा. पुढच्या तुकड्याला ३०० + २०० + २५ + ८, असा ५३३ मिमी पत्रा कापा.

दुसरं, खिसा दाबताना आत काही ठेवलं होतंत का? जुन्या ब्रेकचा जबडा मधे थोडा उचलला जातो, म्हणून तिथे खिसा उघडा राहतो आणि टोकं चिरडतात. दोन्ही घड्या आधी अर्धवटच वळवा, काठ जिथे बसणार त्या फटीत त्याच पत्र्याची पट्टी पूर्ण लांबीभर घाला आणि मग दाबा. पट्टी हाताने ओढून निघाली तर खिसा बरोबर. खिसा आणि काठ आधी, एलचा मोठा कोपरा शेवटी.

खानावळवाली_दादर: आमच्या चुलीवरच्या डक्टच्या लॉकमधून तेल ठिबकतं. सिलिकॉन लावू का?

पत्रेकाम_भांडुप: ताई, तुमचं प्रकरण वेगळं. चिकट धुराच्या डक्टला लॉक चालतच नाही, सांधा सलग वेल्डिंगचा लागतो. सिलिकॉन त्या तापाला नको.

मूळ प्रश्नकर्ता: पट्टी घातली, काठ ८ केला, सरळ आत बसला! वरची ५ मिमीची पाती ठोकून झाली, पण आता डक्टला पीळ आलाय. जमिनीवर ठेवला की एक कोपरा अधांतरी.

पत्रेकाम_भांडुप: एका टोकापासून सलग ठोकत गेलात का? आधी दोन्ही टोकं आणि मधे थोडी थोडी पाती पाडायची, दोन्ही तोंडांचे कर्ण मोजायचे, मगच बाकीची.

कुर्ल्याचा बाळ्या: किंवा काठच तिरका वळला असेल. आमच्या ब्रेकवर ८ मिमी नीट धरला जात नाही, एका बाजूला सरकतो.

मूळ प्रश्नकर्ता: टोकापासूनच गेलो होतो. पण काठ मोजला तर एकीकडे ८, दुसरीकडे ६ भरतोय. लॉक परत उघडता येतो का? २४ गेज तिथे तडकणार नाही ना?