लाभ दीडपट, गरज शंभरपट
> «लेझरपेक्षा जास्त ऊर्जा मिळाली म्हणतात, मग वीज का बनत नाही?»

कारण तुलना कशाशी करतोय ते महत्त्वाचं. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ ला लेझरचे २.०५ मेगाज्यूल आत गेले आणि हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या संमीलनातून ३.१५ बाहेर आले, म्हणजे लाभ दीडपट. पण तो लेझर चालवायला विजेचे सुमारे ३०० मेगाज्यूल लागले!

वीजकेंद्राचा हिशोब करून बघा. लेझरची कार्यक्षमता १० टक्के धरली (तिथल्या लेझरची एक टक्काही नाही), तर १ मेगाज्यूल विजेतून ०.१ मेगाज्यूल प्रकाश मिळतो. लाभ १०० असेल तर १० मेगाज्यूल उष्णता, आणि टर्बाइनमधून ४० टक्क्यांनी ४ मेगाज्यूल वीज. त्यातली एक लेझरलाच परत द्यायची, तीन विकायला उरतात. लाभ २५ वर आला की विकायला काहीच उरत नाही. म्हणून लक्ष्य शंभराच्या आसपास.

अडतंय ते इंधनाच्या जळण्यात. लेझरने जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाची इंधनाची गोळी दाबली जाते, मधला ठिपका पेटतो, पण सगळं इंधन जळायच्या आत ती फुटून विखुरते. त्या शॉटमध्ये साधारण चारच टक्के इंधन, म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार, जळलं. जास्त घट्ट दाबलं तर जास्त जळतं, पण दाब सगळीकडून सारखा हवा. गोळीच्या कवचावर बारीकसा खड्डा असला तरी कवचाचा कार्बन मधल्या ठिपक्यात घुसतो, ठिपका थंड पडतो आणि संमीलनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या लगेच घसरते. माझ्या मते खरी लढाई या कवचाच्या गुळगुळीतपणाची आहे.